ॲप सुधारायचं की धंदाच बदलायचा?

स्टार्टअप अडचणीत आला की बैठकीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ॲप बांधणारे म्हणतात, ‘अजून तीन महिने द्या, नवीन व्हर्जन आलं की बघा.’ पैसे लावणारे म्हणतात, ‘आता पिव्हटचा विचार करा.’ पिव्हट म्हणजे धंद्याचा मूळ अंदाजच बदलणं. कुणासाठी करतोय, त्याची कुठली गरज भागवतोय, पैसे कशातून मिळवतोय, यातलं काहीतरी मुळापासून फिरवायचं. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोन्ही बाजू बहुतेक वेळा आपापल्या स्वभावातून बोलत असतात. ज्याने दोन वर्षं रात्री जागून कोड लिहिलाय त्याला डागडुजी पुरेशी वाटते. ज्याने नुसता चेक दिलाय त्याला सगळं पाडून नवं बांधणं सोपं वाटतं.

उत्तर खरं तर कंपनीच्या नोंदींतच असतं. ते काढायला एक्सेलची एक शीट, पंचवीस-तीस फोन आणि वाईट बातमी ऐकायची तयारी एवढं पुरतं. कसं काढायचं ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण माझ्या मनातलं आहे आणि आकडेही मीच घातलेत, पण असे आकडे असलेल्या कंपन्या कुठल्याही शहरात सापडतील.

समजा, पुण्यात घरगुती डब्यांचं एक ॲप आहे. एका बाजूला घरी स्वयंपाक करून डबे देणाऱ्या काकू आणि छोट्या खानावळी, दुसऱ्या बाजूला डबा हवा असलेली माणसं. मध्ये ॲप, पोचवणारी मुलं आणि ऑनलाइन पैसे. दीड वर्ष झालं. साठ हजार डाउनलोड झालेत. दर महिन्याच्या ऑर्डरी थोड्याथोड्या वाढतायत. तरी बँकेतून महिन्याला सहा लाख कमी होतात आणि खात्यात चोपन्न लाख उरलेत.

यातला डाउनलोडचा आकडा आधी बाजूला ठेवू. तो कधी कमी होऊच शकत नाही, कारण दोन दिवसांत ॲप काढून टाकणाराही त्यात कायमचा मोजलेला असतो. महिन्याच्या एकूण ऑर्डरीही फसवतात. जुनी माणसं मागच्या दाराने जात असली तरी जाहिरातीवर पैसे ओतून पुढच्या दाराने नवी आणता येतात. रेघ वर जात राहते आणि सगळे खूश असतात. जाहिरातीचे पैसे संपले की चार-सहा आठवड्यांत ती कोसळते.

म्हणून माणसं तुकडीने मोजायची. या धंद्यात त्याला कोहोर्ट म्हणतात. जानेवारीत ज्यांनी पहिल्यांदा डबा घेतला अशा हजार जणांची एक तुकडी करायची आणि फक्त त्यांच्याच मागे लागायचं. चौथ्या आठवड्यात त्यातल्या किती जणांनी निदान एकदा डबा घेतला? आठव्यात किती? बाराव्यात, सोळाव्यात? समजा, उत्तर असं आलं: २१०, ९०, ४०, १८. आता दुसरी एक कंपनी घ्या, तिचं उत्तर ३००, १९०, १६५, १६० असं आहे. या महिन्याची विक्री दोघींची सारखी असू शकते, डाउनलोडही सारखे असू शकतात. पण पहिलीची रेघ शून्याकडे निघालीय आणि दुसरीची खाली येऊन एका जागी टेकलीय. हजारातली एकशे साठ माणसं म्हणजे फार नाहीत, पण ती थांबलीत. त्यांना या डब्यातून काहीतरी मिळतंय.

टेकलेली रेघ असेल तर सुधारणेला जागा आहे. शून्याकडे जाणारी रेघ मात्र लगेच निकाल देत नाही. कदाचित डबे थंड पोचत असतील, पैसे भरताना ॲप अडकत असेल. अशा गोष्टी दुरुस्त होतात. म्हणून पुढच्या तुकड्या पाहायच्या. फेब्रुवारीत ॲपचं रूप बदललं, मार्चमध्ये पोचवण्याची वेळ वीस मिनिटांनी कमी केली, एप्रिलमध्ये ‘आज काय बनलंय’ हे फोटोसकट दिसू लागलं. आता या चारही तुकड्यांचा आठवा आठवडा शेजारीशेजारी लिहा. हजारामागे ९०, ९५, ८८, ९२. टीमने तीन महिने जीव तोडून काम केलं, कामं खरोखर चांगली झाली, आणि तरी राहणाऱ्यांचा आकडा जागचा हलला नाही. माझ्या मते पिव्हटची वेळ आल्याची याहून स्पष्ट खूण नाही. लोक जातायत त्याचं कारण ॲपच्या बाहेर कुठेतरी आहे, हे या चार आकड्यांतून कळतं. हेच आकडे ९०, १२०, १५५, १८० असे चढत गेले असते तर मीच म्हटलं असतं की पिव्हटचं नाव काढू नका.

यात दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. पहिली, मोजण्याचा काळ गरजेप्रमाणे ठरवायचा. डबा रोज लागतो म्हणून आठवड्याने मोजला. एसी सर्व्हिसिंगचं ॲप असेल तर माणूस वर्षातून दोनदाच येणार, त्याला आठवड्याच्या मापाने मोजलं तर सगळेच पळून गेल्यासारखे दिसतील. दुसरी खबरदारी सवलतीची. पहिला डबा २९ रुपयांत दिला असेल तर त्या तुकडीत डब्याची गरज असलेले किती आणि स्वस्त जेवायला आलेले किती, हे कळायला मार्ग नाही. अमेरिकेत होमजॉय नावाची घरसफाईची कंपनी होती. पहिली सफाई १९ डॉलरला मिळायची, प्रत्यक्षातल्या खर्चाच्या मानाने अगदीच स्वस्त. माणसं आली, पण पूर्ण भाव लागू झाला की परत येणारे थोडेच उरले. जुलै २०१५ मध्ये ती कंपनी बंद पडली. सफाई कामगारांनी गुदरलेले खटलेही त्याला कारणीभूत होते, पण न टिकणारे ग्राहक हे दुखणं जुनं होतं. तेव्हा कूपनवाले आणि बिनकूपनवाले यांच्या तुकड्या वेगळ्या लावा आणि निर्णय बिनकूपनवाल्यांवर घ्या. तुकडी लहान होईल, चालेल.

आता टेकलेल्या रेघेकडे वळू, कारण तिथेही काम सोपं नसतं. ती एकशे साठ माणसं कोण आहेत? नावं काढली, पत्ते पाहिले, फोन केले. समजा, असं निघालं की त्यातले एकशे तीस जण हिंजवडी-वाकडच्या पीजीमध्ये राहतात. खोलीत गॅस नाही, कंपनीच्या कँटीनचा कंटाळा आलाय, सोमवार ते शुक्रवार दुपारचा डबा लागतो. उलट जी आठशे चाळीस गेली त्यात कोथरूड-सहकारनगरची कुटुंबं भरपूर. पाहुणे आले म्हणून एकदा मागवलं, पुरणपोळी छान होती म्हणाले, पाच तारेही दिले आणि नंतर फिरकले नाहीत. त्यांच्या घरी स्वयंपाकघर आहे. त्यांना आवडलं, पण त्यांची गरज नव्हती.

आवडणं आणि गरज असणं यातला फरक पकडणारा एक प्रश्न आहे, तो शॉन एलिस यांच्या नावाने ओळखला जातो. ग्राहकाला ‘ॲप कसं वाटलं’ असं विचारायचंच नाही. विचारायचं, ‘उद्यापासून हे बंद झालं तर तुम्हाला कसं वाटेल?’ फार वाईट वाटेल, थोडं वाईट वाटेल, काही फरक पडणार नाही. ‘फार वाईट’ म्हणणारे चाळीस टक्क्यांच्या वर असतील तर उत्पादनाने मूळ धरलं असं समजतात. चाळीस हा अनुभवातून आलेला ठोकताळा आहे, एकोणचाळीसला कुलूप लावायचं असं काही नाही.

या प्रश्नाचा सर्वांत सुरेख उपयोग सुपरह्यूमन या ईमेल कंपनीने केला. तिचे संस्थापक राहुल व्होरा यांनी ती हकीकत जाहीरपणे मांडलेली आहे. पहिल्या फेरीत ‘फार वाईट वाटेल’ म्हणणारे निघाले २२ टक्के. एखाद्याने तिथेच हाय खाल्ली असती. त्यांनी ते बावीस टक्के कोण आहेत ते पाहिलं, तशाच प्रकारच्या लोकांपुरते आकडे पुन्हा काढले आणि प्रमाण ३३ टक्क्यांवर गेलं. एक ओळही कोड न बदलता. मग त्या भक्तांना काय आवडतं ते विचारलं. उत्तर होतं वेग. पुढे ‘थोडं वाईट वाटेल’ म्हणणाऱ्यांतून फक्त ज्यांना वेग हवा होता तेवढेच निवडले आणि त्यांचं कुठे अडतंय ते पाहिलं. मोबाइल ॲप नाही, हे मुख्य गाऱ्हाणं निघालं. बाकीच्यांकडे सरळ दुर्लक्ष केलं. निम्मी मेहनत आवडणारी गोष्ट आणखी चांगली करण्यावर, निम्मी या अडचणी काढण्यावर. तीन तिमाह्यांत आकडा ५८ वर गेला.

या हकीकतीतला अवघड भाग म्हणजे दुर्लक्ष करणं. आपल्याकडे तक्रार करणाऱ्या ग्राहकाच्या मागे धावण्याची सवय फार. कोथरूडच्या कुटुंबांसाठी जैन थाळी, उपवासाची थाळी, रविवारची बिर्याणी असं जोडत गेलं की ॲप फुगतं आणि पीजीतल्या मुलाला रोज लागणारी भाजी-पोळी चौथ्या पानावर जाते. ज्यांना गरजच नाही त्यांच्या सूचनांवर केलेली सुधारणा ही फुकटची मेहनत असते.

पीजीपुरतं आकुंचन केलं की पैशांचं गणितही बदलतं, आणि ते गणित तपासल्याशिवाय ‘सुधारणा करू’ म्हणण्यात अर्थ नाही. टिकणारे ग्राहक असूनही प्रत्येक डब्यामागे तोटा होत असेल तर जितके जास्त डबे तितका जास्त खड्डा. एक डबा १२० रुपयांना विकला. काकूंना ८५ गेले. पोचवायला ३५. पैसे ऑनलाइन घेण्याचे आणि किरकोळ खर्चाचे २. सांडलेले, चुकलेले, परत केलेले डबे सरासरीने ४. एकूण १२६. म्हणजे डब्यामागे सहा रुपये खिशातले. हे सगळ्या पुण्यात विखुरलेल्या ग्राहकांचं गणित, आणि त्यात ॲप कितीही सुबक केलं तरी पोचवण्याचे पस्तीस रुपये हटत नाहीत, कारण मुलगा एक डबा घेऊन एका दारात जातो. पण एकाच पीजीच्या इमारतीत आठ डबे एका फेरीत गेले तर पोचवणं बारा रुपयांवर येऊ शकतं. मग खर्च १०३ आणि हातात १७. आता जाहिरातीवर, ऑफिसवर, पगारांवर खर्च करायला काहीतरी उरतं. इथे सुधारणा करत राहणं शहाणपणाचं आहे, कारण काय सुधारल्याने किती रुपये सुटतील ते कागदावर दिसतंय. बहुतेक कंपन्या ‘संख्या वाढली की खर्च आपोआप कमी होईल’ एवढ्यावर थांबतात. कुठला खर्च, किती संख्येला, कितीने, हे विचारलं की गडबडतात.

पण समजा, पीजीचा असा गट निघालाच नाही. तुकड्या ९०, ९५, ८८, ९२ वरच अडकल्या. आता गेलेल्यांना फोन करायचे. राहिलेल्यांना फोन करणं सुखाचं असतं, म्हणून सगळे तिथेच थांबतात. गेलेल्या पंचवीस-तीस जणांना फोन करा, आणि ‘का सोडलंत’ असं विचारू नका. त्यावर माणसं सभ्यपणे खोटं बोलतात. वेळ नव्हता, महाग वाटलं, असं काहीतरी. विचारा, ‘काल दुपारी काय जेवलात?’

डब्याच्या धंद्यात या प्रश्नाला एक उत्तर वारंवार येईल: ‘डबाच जेवलो. त्याच काकूंचा. आता थेट घेतो.’ आठ-दहा दिवस डबा आवडला की मुलगा विचारतो, ‘काकू, तुमचा नंबर मिळेल?’ काकू देतात. महिन्याचे पैसे यूपीआयने परस्पर जातात, ॲपचा वाटा वाचतो, काकू त्यातले पाच रुपये मुलाला सोडतात. दोघंही खूश. इथे कुणीही बेइमान नाही. ॲपने ओळख करून दिली, आणि ओळख झाल्यावर ॲपला करण्यासारखं काही उरलं नाही. घरसफाई, शिकवण्या, प्लंबर, अशा सगळ्या ॲपना हा गळतीचा आजार आहे. यावर ‘नंबर लपवा, चॅटमधला नंबर पुसून टाका’ असले उपाय होतात. ते निरुपयोगी असतात, कारण डब्याच्या झाकणाला चिठ्ठी लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

या उत्तराने दिशा मात्र दाखवली. ग्राहक तुमच्याकडून गेला तरी डबा घ्यायचा थांबला नाही. मग आता त्यांचं कुठे अडतंय? काकूंकडे जाऊन बसलं तर दिसतं: भिंतीवर कालनिर्णय, त्यावर पेनाने नावांची आद्याक्षरं. आज कुणाला नको, कुणाचे दोन, कुणाचे मागच्या महिन्याचे बाकी. पन्नास डबे झाले की हे सांभाळणं हाताबाहेर जातं. सकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर ‘आज डबा नको’ असे अकरा मेसेज येतात, त्यातला एक नजरेतून सुटतो आणि एक डबा वाया जातो. काकूंना ग्राहक मिळवून देणाऱ्यापेक्षा हिशेब ठेवणारा हवाय.

हे वाचून कुणाला मीशोची आठवण झाली असेल तर बरोबर आहे. विदित आत्रेय आणि संजीव बर्नवाल या आयआयटी दिल्लीच्या दोघांनी २०१५ मध्ये बंगळुरात फॅशनिअर नावाचं ॲप सुरू केलं. आजूबाजूच्या कपड्यांच्या दुकानांतला माल ॲपवर पाहायचा आणि घरी मागवायचा. चाललं नाही. जेवण जवळचं हवं असतं, कारण ते गरम हवं असतं. कपड्यांच्या बाबतीत दुकान जवळ असण्याचं ग्राहकाला कौतुक नव्हतं, त्याला भरपूर माल पाहायचा होता, आणि तो मोठ्या ऑनलाइन दुकानांत आधीच मिळत होता. दुकानदारालाही गल्लीतल्या गिऱ्हाईकापलीकडे पोचायचं होतं. ॲप आणखी वेगवान करून यातलं काहीच सुटलं नसतं.

पण त्याच दुकानांत वावरताना त्यांना दिसलं की दुकानदार नव्या मालाचे फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाठवतात आणि तिथेच ऑर्डरी घेतात. मीशोची सुरुवात अशा विक्रेत्यांना ही सोय नीट करून देण्यापासून झाली. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. हे साधन वापरणाऱ्यांत दुकान नसलेल्या बायका बऱ्याच होत्या. घरबसल्या साड्यांचे, कुर्त्यांचे फोटो ओळखीच्या ग्रुपवर टाकून विकणाऱ्या. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांमध्ये असे ग्रुप तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांना माल साठवायला जागा आणि भांडवल नव्हतं, पार्सल पाठवायची आणि पैसे वसूल करायची कटकट नको होती. मीशोने कॅटलॉग, पार्सल आणि वसुली आपल्याकडे घेतली, बायकांनी आपला नफा चढवून भाव सांगायचा. पुढे २०२१ च्या सुमारास ग्राहक थेट ॲपवरच खरेदी करू लागला आणि कंपनी पुन्हा वळली. डिसेंबर २०२५ मध्ये मीशोचे शेअर बाजारात आले.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की प्रत्येक वळण आधीच चाललेल्या एखाद्या वागणुकीच्या मागोमाग घेतलं गेलं. व्हॉट्सॲपवर विक्री होतच होती. बायका विकतच होत्या. याउलट जे पिव्हट संस्थापकाच्या डोक्यातून किंवा त्या वर्षीच्या हवेतून निघतात, म्हणजे सगळे क्रिप्टो करतायत तर आपणही, सगळे दहा मिनिटांत पोचवतायत तर आपणही, त्यांत जुन्या धंद्यातून शिकलेलं काहीच कामी येत नाही. तो पिव्हट नसून जुन्या पैशांवर सुरू केलेला नवा धंदा असतो.

काकूंच्या हिशेबाचं ॲप बांधायलाही लगेच बसू नये. आधी दहा काकू आणि खानावळवाले गाठायचे आणि महिन्याला तीनशे रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ, असे नऊशे रुपये मागायचे. ॲप नाहीच. सकाळचे ‘नको’चे मेसेज तुमच्या ऑफिसातला एक मुलगा वाचेल, शीटमध्ये भरेल, साडेसातला काकूंना आजची यादी पाठवेल, महिनाअखेरीला बिलं काढून देईल. दहापैकी सहा-सात जणींनी पैसे दिले आणि दुसऱ्या महिन्यात यादी यायला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून फोन केला, तर इथे गरज आहे. सगळ्यांनी ‘छान आहे, करा, मी नक्की घेईन’ म्हटलं आणि नऊशे रुपये कुणीच काढले नाहीत, तर कोड न लिहिताच उत्तर मिळालं. शिवाय साधा गुणाकारही करून बघायचा: तीनशे रुपयांप्रमाणे सहा लाखांचा खर्च भागवायला दोन हजार खानावळी लागतात. तेवढ्या गाठता येणार नसतील तर खर्च तरी कमी करावा लागेल किंवा ही कल्पना एका छोट्या, आठ जणांऐवजी दोन जणांच्या कंपनीची आहे हे मान्य करावं लागेल. त्यात कमीपणा नाही, पण गुंतवणूकदाराला ते आजच सांगावं लागेल.

आता राहिला वेळेचा प्रश्न, आणि बहुतेक कंपन्या इथेच मरतात. चोपन्न लाख भागिले सहा लाख म्हणजे नऊ महिने. नऊ महिने म्हणजे पुष्कळ, असं वाटतं. मोजून बघा. पडताळणीला दोन महिने. नवं साधन बांधायला तीन. नव्या तुकड्यांची रेघ टेकते की नाही हे कळायला किमान चार. नऊ संपले, आणि नवे पैसे उभे करायला चार-सहा महिने लागतात ते यात धरलेलेच नाहीत. म्हणजे नऊ महिन्यांचे पैसे असलेल्या कंपनीला विचार करायला तीन महिने नाहीत, जेमतेम एक आहे, आणि तोही खर्च लगेच चार लाखांवर आणला तर. मग तेच चोपन्न लाख साडेतेरा महिने पुरतात. सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही याच हिशेबात बसवायचं. ‘अजून तीन महिने’ मागणाऱ्याने आधी लिहून द्यावं की कुठल्या तुकडीचा कितवा आठवडा कितीवरून कितीवर जाईल. ९० वरून १५० म्हणाला आणि ९४ आले तर पुढचे तीन महिने मिळणार नाहीत.

वेळेवर थांबल्याचं उत्तम उदाहरण स्लॅकच्या आधीचं आहे. स्ट्यूअर्ट बटरफील्ड यांची टायनी स्पेक ही कंपनी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ चालवायची. सप्टेंबर २०११ मध्ये खेळ खुला केला, दोन महिन्यांत पुन्हा दुरुस्तीला घेतला, वर्षभर सुधारला. काही खेळाडू त्यावर जीव टाकत होते, पण येणारे बहुतेक जण थोड्या वेळात निघून जात आणि राहणारे खर्च भागवण्याइतके नव्हते. शिवाय खेळ फ्लॅशवर बांधलेला होता आणि लोक मोबाइलकडे निघाले होते, ही गोष्ट कुठल्याही सुधारणेने बदलणारी नव्हती. डिसेंबर २०१२ मध्ये खेळ बंद केला तेव्हा कंपनीकडे सुमारे ५० लाख डॉलर शिल्लक होते. ते गुंतवणूकदारांना परत देण्याची तयारी दाखवली. त्यांनी सांगितलं, ठेवा आणि दुसरं काही करून बघा. टीमने आपापसांत बोलण्यासाठी जे साधन स्वतःपुरतं बनवलं होतं त्याचंच पुढे स्लॅक झालं, आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्सने ते सुमारे २,७७० कोटी डॉलरना घेतलं. ही शेवटची रक्कम सगळे सांगतात. मला ते शिल्लक ५० लाख जास्त सांगण्यासारखे वाटतात. खातं रिकामं होईपर्यंत ग्लिच चालवला असता तर ते साधन हातात असूनही बांधायला कुणी उरलं नसतं.

बंद करताना ग्लिचने आणखी एक काम केलं: खेळात पैसे भरलेल्यांना ते परत केले आणि कामावरून काढाव्या लागलेल्या माणसांना दुसरीकडे नोकऱ्या मिळवून देण्यासाठी खटपट केली. आपल्या डब्याच्या कंपनीतही हा हिशेब आधी करायला हवा, कारण त्याने वरचं सगळं गणित बदलतं. खात्यातल्या चोपन्न लाखांत ग्राहकांनी महिन्याचे आगाऊ भरलेले चार लाख आहेत, काकूंचे पंधरा दिवसांचे देणे अडीच लाख आहेत आणि पोचवणाऱ्या मुलांचे पन्नास हजार. हे सात लाख कंपनीचे नाहीतच. पिव्हट असो की सुधारणा, ते वेगळ्या खात्यात काढून ठेवा आणि उरलेल्या सत्तेचाळीस लाखांवर महिने पुन्हा मोजा. नऊ नाहीत, आठही भरत नाहीत.